सपाट क्षितिजावर डोंगरांची रांग: ब्लेंडरमध्ये लांबचा देखावा मापात कसा बसवायचा

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात जे कोणी बंगल्यांचे आणि फार्महाऊसचे थ्रीडी व्ह्यू करतात, त्यांच्यापुढे एक अडचण हमखास येते. घर नीट उभं राहतं, अंगणात फरशी पडते, झाडं लागतात. मग घराच्या पलीकडे बघावं तर जमीन सरळ जाते आणि एका रेषेवर कापल्यासारखी संपते. वर आकाश, खाली हिरवा पट्टा, मधे काहीच नाही. घर माळावर नव्हे, टेबलावर ठेवल्यासारखं दिसतं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे नेटवरून डोंगराचं एक चित्र उतरवून घराच्या मागे उभं करायचं. सुरुवातीला मीही तेच करत होतो. येळ्ळूरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला त्याच्या नव्या घराचा व्ह्यू दाखवला, तर त्याने घराकडे बघायच्या आधी मागे बोट केलं. "हा डोंगर कुठला ओ? आमच्याकडनं एवढा कुठं दिसतोय?" त्याचं बरोबर होतं. रोज पहाटे शेतात उभं राहून जी रांग माणूस बघतो, ती त्याला पाठ असते. खिडकीचा रंग चुकला तर तो म्हणेल बदला. डोंगर चुकला तर ते घर त्याला आपल्या जागेवरचंच वाटत नाही. तेव्हापासून मी डोंगर अंदाजाने लावणं सोडलं.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. बेळगावच्या पश्चिमेला एक प्लॉट आहे असं धरा. तिथून पश्चिमेकडे आठ किलोमीटरवर एक डोंगर दिसतो आणि त्याचा माथा प्लॉटच्या जमिनीपेक्षा 200 मीटर उंच आहे. कॅमेरा माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवर, म्हणजे 1.6 मीटरवर, लेन्स 35 मिलिमीटरची आणि रेंडर 1920 बाय 1080 चं. सगळं काम ब्लेंडरमध्ये, सायकल्सवर.

डोंगर चित्रात किती उंच दिसायला हवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून आधी हेच. कॅमेऱ्यात लांबची वस्तू किती पिक्सेल उंच दिसते हे तीन आकड्यांवर ठरतं: वस्तूची उंची, तिचं अंतर आणि पिक्सेलमध्ये मोजलेली लेन्स. ब्लेंडरचा सेन्सर मुळात 36 मिलिमीटर रुंद धरलेला असतो. त्यामुळे 35 च्या लेन्सचे पिक्सेल असे निघतात:

```
1920 × 35 / 36 = 1867
1867 × 200 / 8000 = 47
```

1080 पिक्सेल उंचीच्या चित्रात आपला डोंगर फक्त 47 पिक्सेल उंच दिसायला हवा, म्हणजे चित्राच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. पहिल्यांदा हा आकडा काढला की विश्वास बसत नाही. कारण आपण डोंगराकडे बघतो तेव्हा लक्ष सगळं त्याच्यावरच असतं आणि मनात तो मोठा होऊन बसतो. मोबाईलने फोटो काढून बघा, तोच डोंगर खालच्या कडेला बारीक पट्टी होऊन बसलेला दिसेल. नेटवरून आणलेले डोंगर खोटे दिसतात ते मुख्यतः या कारणाने. ते 200 ते 300 पिक्सेल उंच असतात, आणि 47 पिक्सेलच्या जागी 250 पिक्सेलचा डोंगर म्हणजे हजार मीटरहून उंच कडा. तसा या भागात कुठल्याच अंगणातून दिसत नाही.

हा हिशेब जवळच्या वस्तूंनाही लावून ठेवा, म्हणजे डोंगराचा किती भाग उरतो ते कळतं. कॅमेऱ्यापासून 15 मीटरवर सहा फुटी, म्हणजे 1.8 मीटरची कंपाउंड भिंत असेल, तर ती डोळ्याच्या रेषेपेक्षा 20 सेंटिमीटर वर येते, म्हणजेच 25 पिक्सेल. डोंगराचा खालचा निम्मा भाग भिंतीआड गेला. मालकाला डोंगर दाखवायचा असेल तर कॅमेरा पहिल्या मजल्याच्या गच्चीवर न्यावा, किंवा भिंतीला मधे जाळी द्यावी का हे आर्किटेक्टला विचारावं. डोंगर मात्र वर ओढू नये.

रांगेचा आकार आणायचा कुठून

आकार शक्यतो खऱ्या जागेवरूनच घ्यावा. इकडच्या डोंगरांचा घाट वेगळाच आहे. पश्चिमेला खानापूर आणि चंदगडच्या बाजूला सह्याद्रीचे माथे बऱ्याच ठिकाणी जांभ्याने सपाट झालेले आहेत. बाजू उतरत्या, वर लांबच लांब पठार. पूर्वेकडे गोकाकच्या बाजूला वालुकाश्माचे कडे आहेत, ते आडव्या थरांनी पायऱ्यांसारखे दिसतात. येळ्ळूरच्या राजहंसगडाची आकृती तर बेळगावात कुणीही लांबून ओळखतं. तिथे नॉइज टेक्स्चरने बनवलेली टोकदार शिखरं ठेवली तर बघणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण काहीतरी परकं आहे हे तो लगेच हेरतो.

प्लॉटवर जाऊन, जिथे कॅमेरा असणार तिथेच उभं राहून, मोबाईल आडवा धरून पश्चिमेचा एक फोटो काढा. झूम नको, वाइड लेन्स नको. वेळ सकाळची असावी. सूर्य पाठीमागे असतो आणि डोंगराच्या कडा स्वच्छ दिसतात. संध्याकाळी पश्चिमेच्या रांगेमागे सूर्य येतो, तेव्हा आकृती ठसठशीत मिळते, पण मागच्या-पुढच्या दोन रांगा एकात मिसळतात.

आता गुगल अर्थच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत प्लॉट शोधा. Ruler घेऊन प्लॉटपासून फोटोत ओळखू येणाऱ्या दोन माथ्यांपर्यंत एकेक रेषा ओढा. प्रत्येक रेषेची लांबी आणि Heading समोर येतं. कर्सर माथ्यावर नेला की खाली त्याची उंची दिसते. ती आणि प्लॉटची उंची यातला फरक आपल्याला हवा. आपल्या उदाहरणात पहिला माथा 262 अंशांवर, आठ किलोमीटरवर आणि 200 मीटर उंच निघाला असं धरू. दुसरा 281 अंशांवर. म्हणजे दोघांत 19 अंशांचं अंतर. फोटोत त्याच दोन माथ्यांमधलं अंतर 950 पिक्सेल भरलं, तर फोटोतल्या एका अंशाला 50 पिक्सेल झाले.

आता एक छान गोष्ट मिळते. आठ किलोमीटरवरचे 200 मीटर म्हणजे 1.43 अंश, म्हणजे फोटोत 71 पिक्सेल. पहिल्या माथ्याच्या टोकापासून सरळ खाली 71 पिक्सेल मोजले की तिथे डोळ्याची रेषा आली. प्रत्यक्ष फोटोत ती जागा उसाआड किंवा निलगिरीच्या झाडांआड लपलेली असते, नुसती बघून सापडत नाही. एकदा ती रेषा आखली की रांगेवरच्या कुठल्याही बिंदूची उंची काढता येते. 71 पिक्सेलला 200 मीटर, म्हणजे एका पिक्सेलला साधारण 2.8 मीटर. रेषेपासून 48 पिक्सेल वर असलेली खिंड 135 मीटर उंच. रेषा आखताना फोटो तिरपा असेल तर आधी सरळ करून घ्या. एक अंश तिरपा राहिला तरी फोटोच्या एका कडेला डोंगर उंच आणि दुसऱ्या कडेला बुटका निघतो.

उंचीचा हा हिशेब फक्त एकाच रांगेपुरता खरा. तीन किलोमीटरवरच्या टेकडीला तोच 2.8 चा आकडा लावला तर ती पावणेतीनपट उंच मोजली जाईल. प्रत्येक रांगेचं अंतर गुगल अर्थवर वेगळं काढा आणि आकडा त्या प्रमाणात बदला. तीन किलोमीटरला तो 1.05 मीटर होतो.

रांग ब्लेंडरमध्ये उभी करणं

मोजलेले बिंदू हाताने एकेक उभे करत बसण्यापेक्षा लहानशी स्क्रिप्ट बरी. कॅमेरा 271 अंशांकडे, म्हणजे जवळजवळ सरळ पश्चिमेला बघतो आहे. तिथून डावीकडचे अंश उणे, उजवीकडचे अधिक. पहिला माथा 262 वर होता, म्हणून तो उणे 9. दुसरा 281 वर, म्हणून 10. Scripting टॅबमध्ये New दाबून हे टाका आणि चालवा:

```python
import bpy
from math import radians, sin, cos

R, foot = 8000, -60
ridge = [(-32, 60), (-24, 95), (-17, 140), (-9, 200),
         (-6, 196), (2, 135), (6, 98), (10, 122),
         (20, 80), (32, 55)]

v, f = [], []
for a, h in ridge:
    x, y = R * sin(radians(a)), R * cos(radians(a))
    v += [(x, y, foot), (x, y, h)]
for i in range(0, len(v) - 2, 2):
    f.append((i, i + 2, i + 3, i + 1))

m = bpy.data.meshes.new("dongar_8km")
m.from_pydata(v, [], f)
o = bpy.data.objects.new("dongar_8km", m)
bpy.context.collection.objects.link(o)
```

इथे जागा वाचवण्यासाठी दहाच बिंदू दिले आहेत. एवढ्यांत डोंगर कात्रीने कापल्यासारखा दिसेल, कारण आपल्या चित्रात एका अंशाला साधारण 33 पिक्सेल पडतात आणि आठ-दहा अंश म्हणजे 300 पिक्सेलची सरळ रेघ. प्रत्यक्षात चाळीस ते साठ बिंदू घ्या. जिथे कड वळते तिथे दाट, पठारावर विरळ. त्याहून बारीक जायची गरज नसते. डोंगरमाथ्यावरचं पाच मीटरचं झाड आठ किलोमीटरवरून एका पिक्सेलहून थोडंच मोठं दिसतं, म्हणून माथ्यावर झाडं लावत बसू नका.

कॅमेऱ्याचा Rotation X 90 आणि Z शून्य असेल आणि तो मूळ बिंदूवर असेल तर पट्टी थेट समोर येते. तुमचा कॅमेरा दुसरीकडे असेल तर पट्टीच्या Location मधले X आणि Y कॅमेऱ्याइतके करा आणि Rotation Z सुद्धा कॅमेऱ्याइतकंच. Z च्या Location ला हात लावू नका, उंची जमिनीपासूनच मोजलेली आहे.

पट्टी आली, पण दिसत नाही असं हटकून होतं. कॅमेऱ्याचं Clip End आठ किलोमीटरला पुरत नाही, ते 20000 करा. व्ह्यूपोर्टचं End वेगळं असतं, N दाबून View मध्ये तेही वाढवा. ते वाढवलं की व्ह्यूपोर्टमध्ये फरशीच्या रेषा लुकलुकायला लागतात. तिथलं Clip Start वाढवून 0.5 केलं की थांबतात. सायकल्सच्या रेंडरमध्ये हा त्रास नसतो.

पट्टी खऱ्या अंतरावरच ठेवावी का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. 800 मीटरवर 20 मीटरचा डोंगर ठेवला तरी एका स्थिर चित्रात तो अगदी तसाच दिसतो, कोन तोच असतो. पण वॉकथ्रू करायचा असेल तर घात होतो. कॅमेरा बाजूला 40 मीटर सरकला तर आठ किलोमीटरवरचा डोंगर 9 पिक्सेल सरकतो, 800 मीटरवरचा 93 पिक्सेल. घराबरोबर डोंगरही चालायला लागतो आणि बघणाऱ्याला चटकन कळतं की मागे पडदा लावला आहे. म्हणून मी सवयीनेच खऱ्या अंतरावर ठेवतो. कॉम्प्युटरला त्याचा काहीच भार नसतो.

पृथ्वीच्या गोलाईची काळजी करू नका. पंधरा किलोमीटरवरच्या डोंगराचा गोलाईमुळे नऊएक मीटर पाया झाकला जातो, म्हणजे चित्रात एक पिक्सेल. तीस किलोमीटरवर ते पन्नास मीटर होतात. पण तेवढ्या लांबचा डोंगर आपल्याकडे वर्षातले थोडेच दिवस दिसतो.

रंग: डोंगर किती उरतो, हवा किती

आकार बरोबर येऊनही बहुतेक व्ह्यू इथे फसतात. डोंगर हिरवा आहे म्हणून हिरवा रंग देतात आणि तो घराच्या कुंपणालाच टेकलेला वाटतो. लांबच्या वस्तूचा स्वतःचा रंग वाटेतल्या हवेत विरत जातो आणि त्याच्या जागी क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग भरत जातो. किती विरतो हे त्या दिवशी किती लांबचं दिसतं आहे यावर ठरतं:

```
t = exp(-3.9 × d / V)
```

इथे d म्हणजे डोंगराचं अंतर आणि V म्हणजे दृश्यमानता, दोन्ही किलोमीटरमध्ये. t म्हणजे डोंगराचा स्वतःचा उरलेला रंग. दृश्यमानता 20 किलोमीटर धरली तर तीन किलोमीटरवरच्या टेकडीचा 0.56 रंग उरतो, आठवरच्या डोंगराचा 0.21 आणि पंधरावरच्या रांगेचा जेमतेम 0.05. म्हणजे आपला मुख्य डोंगर चार भाग आकाश आणि एक भाग डोंगर आहे.

V चा आकडा ऋतू बघून घ्या. पावसाळा सरल्यावर हवा धुऊन निघालेली असते, तेव्हा 40 धरला तरी चालतो आणि आठ किलोमीटरवरचा डोंगर 0.46 उरतो, ठसठशीत निळा-हिरवा. फेब्रुवारीपासून धूळ आणि उसाचा पाला जाळल्याचा धूर असतो. तेव्हा V दहावर आणला तर तोच डोंगर 0.04 उरतो, म्हणजे जेमतेमच दिसतो. चित्रात शेत मार्च-एप्रिलचं वाळलेलं आणि मागे डोंगर ऑक्टोबरचा, अशी गल्लत करू नका.

आकाशाचा रंग डोळ्याने ठरवू नका. आधी डोंगर लपवून एक लहान रेंडर काढा. Image Editor मध्ये Render Result उघडून, डोंगर जिथे येणार त्याच्या किंचित वर उजवं बटण दाबून धरा. खाली R, G, B चे आकडे दिसतील. तिथे CM म्हणून आणखी तीन आकडे असतात, ते पडद्यावर दाखवण्यासाठी बदललेले असतात, ते घेऊ नका. समजा आकडे 0.62, 0.72, 0.85 आले. डोंगराचा स्वतःचा रंग झाडीचा, म्हणजे काळपट हिरवा: 0.05, 0.07, 0.04.

मटेरियलमध्ये दोन Combine Color नोड घ्या. एकात आकाशाचे आकडे, दुसऱ्यात डोंगराचे. दोन्ही एका Mix नोडला जोडा, त्याचा प्रकार Color ठेवा. A ला आकाश, B ला डोंगर आणि Factor 0.21. तिथून Emission ला आणि पुढे Material Output ला. मिसळलेला रंग 0.50, 0.58, 0.68 असा येतो. याच मटेरियलची नक्कल करून 15 किलोमीटरच्या रांगेला Factor 0.05 द्या, तीनवरच्या टेकडीला 0.56. आकाशाचे आकडे सगळ्यांत तेच राहतात, म्हणून रांगा एकाच हवेत उभ्या असल्यासारख्या दिसतात.

इथे एक सोपी वाट मोह घालते: मटेरियल अर्धपारदर्शक करायचं, म्हणजे मागचं आकाश आपोआप मिसळेल. एकच रांग असेल तर ते चालतं. दोन रांगा असल्या की पुढच्या टेकडीतून मागच्या डोंगराची कड आरपार दिसते, भुतासारखी. मी एका कामात हे रेंडर संपल्यावर बघितलं आणि रात्रभराचं काम परत करावं लागलं. तसंच World ला व्हॉल्यूम जोडून खरंखुरं धुकं करायला जाऊ नका. तिथलं आकाश अनंत अंतरावर धरलेलं असतं, ते व्हॉल्यूममध्ये पूर्ण गिळलं जातं आणि सगळं काळं पडतं.

पट्टी स्वतः उजेड देते, तो घरावर पडू देऊ नका. पट्टीच्या Object Properties मध्ये Visibility खाली Ray Visibility आहे, तिथे Diffuse आणि Shadow बंद करा. Camera आणि Glossy चालू राहू द्या, म्हणजे घराच्या काचेत डोंगर उमटेल.

सपाट रंग आठ किलोमीटरवर खपून जातो. मात्र पायथ्याला हवा थोडी अधिक दाट असते, तो फरक दिला तर डोंगर जमिनीवर बसतो. Geometry चं Position घेऊन Separate XYZ मधून Z काढा आणि Map Range मध्ये 0 ते 200 चं 0.15 ते 0.21 करून Factor ला द्या. तीन किलोमीटरवरच्या टेकडीला मात्र नुसता रंग पुरत नाही. तिचा निम्म्याहून जास्त रंग उरलेला असतो, म्हणून तिथे फोटोचं टेक्स्चर लावून तेच Mix मध्ये B ला जोडावं.

पायथा आणि जमिनीची कड

आता डोंगर आणि जमीन यांच्या सांध्यात एक पट्टा उरतो. जमीन 500 मीटरवर संपवलेली असेल तर तिची कड क्षितिजाच्या 6 पिक्सेल खाली येते, कारण 1867 गुणिले 1.6 भागिले 500. त्या सहा पिक्सेलांत जे दिसतं ते आकाशाच्या खालच्या अर्ध्याचं. Sky Texture वापरलं असेल तर तिथे काळपट रेघ, एचडीआरआय असेल तर कुठल्या तरी परक्या गावची जमीन. पट्टीचा पाया उणे 60 मीटरवर नेला तो याच्यासाठी. आठ किलोमीटरवर 60 मीटर म्हणजे 14 पिक्सेल, फट झाकली जाते.

तरीही डोंगर थेट शेताच्या कडेला उगवल्यासारखा दिसेल. खऱ्या माळावर मधे काहीतरी असतंच. म्हणून 450 मीटरवर झाडांची एक ओळ लावा: बाभळी, नारळ, निलगिरी, मधे एखादं पत्र्याचं शेड. सहा मीटरची ओळ तिथे डोळ्याच्या रेषेवर अठराएक पिक्सेल येते आणि डोंगराचा खालचा तिसरा भाग झाकते. ओळ अखंड ठेवू नका. दोन-तीन ठिकाणी तोडा, म्हणजे पायथा मधूनच दिसेल. मला वाटतं सगळ्या कामात सर्वात जास्त खरेपणा या तुटक ओळीनेच येतो.

ड्रोनसारख्या वरच्या व्ह्यूला हा उपाय पुरत नाही. कॅमेरा 30 मीटरवर नेला की 500 मीटरवरची कड 112 पिक्सेल खाली येते. ती जागा डोंगराने झाकायला गेलात तर तो भिंतीसारखा दिसेल. तिथे जमीनच आठ किलोमीटरपर्यंत न्यावी लागते, वर शेतांचे तुकडे असलेलं उपग्रह चित्र लावून. आणि त्या जमिनीलाही अंतराप्रमाणे तोच t लावावा लागतो, नाहीतर हिरवी शेतं निळ्या डोंगराला जाऊन धडकतात.

डोंगराऐवजी शहर असेल तर

पूर्वेकडे तोंड करून, काळ्या मातीच्या सपाट शेतातून शहराकडे बघणारा व्ह्यू असेल तर रीत तीच, आकडे वेगळे. तीन किलोमीटरवरची आठ मजली, 25 मीटरची इमारत 16 पिक्सेल दिसते. तिची सव्वा मीटरची खिडकी एका पिक्सेलहून लहान, म्हणून दिवसाच्या चित्रात खिडक्या काढायच्याच नाहीत. आपल्या गावांची आकृती म्हणजे बहुतेक झाडंच, त्यांच्यात मधूनमधून डोकं काढणारी अपार्टमेंट, पाण्याच्या टाक्या, मोबाईलचे टॉवर, एखादा देवळाचा कळस. उंच इमारतींची सलग रांग लावली की ते बेळगाव राहत नाही. स्क्रिप्टमध्ये R 3000 करा आणि ridge मध्ये शहराचे कोन-उंचीचे आकडे टाका, फक्त इमारतीच्या कडेला एकाच कोनावर दोन उंच्या द्या, म्हणजे कड उभी येईल.

पाठवण्याआधी

रेंडर झाल्यावर माथा आणि डोळ्याची रेषा यातलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. आपल्या उदाहरणात ते 47 च्या आसपास यायला हवं. बरंच वेगळं आलं तर बहुधा कॅमेऱ्याची लेन्स बदललेली असते किंवा Sensor Fit उभ्या बाजूवर गेलेलं असतं. मग कॅमेरा बाजूला पाच मीटर सरकवून पुन्हा एक लहान रेंडर काढा. घर सरकलं पाहिजे, डोंगर जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे.

शेवटची गोष्ट व्हॉट्सॲपची. 15 किलोमीटरवरची रांग आणि आकाश यांच्यात रंगाचा फरक अगदी थोडा असतो, आणि फोटो म्हणून पाठवलं की दाबून लहान केलेल्या चित्रात ती रांग पुसली जाते. मालक म्हणतो मागचा डोंगर गेला कुठे. चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जमलं तर सकाळच्या वेळी त्याच प्लॉटवर उभं राहून, मोबाईल समोर धरून त्याला दाखवा. डोंगराची कड मोबाईलमधल्या कडेशी जुळते की नाही, हे तो तुमच्या आधी सांगेल.